डिचोलीच्या बाईंचे दहा लाख : कूपन ९ टक्के, हाती ५.३१

डिचोलीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंकडे भाटातल्या वाटणीचे दहा लाख रुपये आले. पेन्शन महिन्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास, मुलं आपापल्या पायांवर उभी, त्यामुळे रोजच्या खर्चाला या पैशाची गरज नव्हती. चार वर्षांनी मात्र ते लागणार होते. मूळ घराचं छप्पर उतरवून नव्याने घालायचं असं भावंडांत ठरलं होतं आणि त्यात बाईंचा वाटा मोठा होता. तोवर पैसा सुरक्षित राहावा आणि वर्षाला चवथीच्या खर्चापुरतं तरी व्याज हाती यावं, एवढीच त्यांची अपेक्षा.

त्यांचा भाचा पणजीत एका ब्रोकरकडे काम करतो. त्याने सुचवलं, “मावशी, करमुक्त बाँड घे. नऊ टक्के व्याज, वर एक पैसा कर नाही. बँकेत एवढं कोण देतं?” बाईंनी माझ्याकडे आयकराचे कागद आणले तेव्हा या बाँडचा कागदही सोबत होता. त्यावर पेनाने तीन आकडे लिहिले होते : ९.००, ७.९६, ५.३१. बाईंनी विचारलं, “बाँड एक, मग दर तीन कसे? आणि त्यातला माझा कुठला?”

हे प्रकरण त्या प्रश्नाचं आहे. ओळख लपवण्यासाठी आणि हिशेब सोपा जावा म्हणून काही तपशील आणि आकडे थोडे बदलून गोल केले आहेत. प्रमाणं मात्र बाजारात प्रत्यक्ष दिसतात तशीच आहेत.

कागदावरचा बाँड

बाँड एका सरकारी कंपनीचा. दर्शनी किंमत १,००० रुपये, कूपन वर्षाला ९ टक्के, व्याज वर्षातून एकदा. यंदाचं व्याज नुकतंच वाटून झालेलं आणि मुदत संपायला बरोबर चार वर्षं बाकी. शेअर बाजारात त्याचा भाव होता १,१३० रुपये.

असे करमुक्त बाँड २०१५-१६ नंतर नव्याने आलेले नाहीत. २०१३-१४ मध्ये व्याजदर चढे होते, तेव्हा यातले बरेच बाँड साडेआठ ते नऊ टक्क्यांच्या कूपनने विकले गेले. कूपन म्हणजे बाँड काढताना कंपनीने दर्शनी किमतीवर दिलेला शब्द. १,००० वर ९ टक्के म्हणजे दर वर्षी ९० रुपये. पुढे बाजारातले दर कुठेही जावोत, कंपनी ९० रुपयेच देणार. त्यात एक रुपया वाढत नाही की कमी होत नाही.

बदलतो तो भाव. बाजारात तशाच दर्जाच्या करमुक्त कागदावर साडेपाच टक्क्यांच्या आत मिळत असताना वर्षाला ९० रुपये देणारा कागद कुणी १,००० ला विकणार नाही. विकणारा जास्त मागतो, घेणारा देतो, आणि भाव १,१३० वर जाऊन बसतो. म्हणजे कूपन हा त्या जुन्या वर्षाच्या व्याजदराचा शिक्का आहे. बाई आज काय कमावतील, याबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही. सरकारी रोख्यांच्या तर नावातच हा शिक्का असतो. ‘६.१० टक्के जीएस २०३१’ हे नाव वाचून माणसाला वाटतं की यात ६.१० टक्के मिळतात. मिळतात, पण रोखा बरोबर दर्शनी किमतीला घेतला तरच.

दुसरा आकडा : ७.९६

बाई १,००० नाही, १,१३० मोजणार. मग ९० रुपयांना १,००० ऐवजी १,१३० ने भागायचं. उत्तर येतं ७.९६ टक्के. याला करंट यील्ड म्हणतात, चालू परतावा म्हणा हवं तर. आज गुंतवलेल्या पैशावर वर्षभरात किती रोकड हाती येईल, हे तो सांगतो.

बाईंच्या दहा लाखांत ८८४ बाँड बसत होते, किंमत ९,९८,९२० रुपये. वर्षाचं व्याज ७९,५६० रुपये. हा आकडा खरा आहे. दर वर्षी तेवढी रक्कम बाईंच्या खात्यात खरोखर जमा झाली असती आणि पासबुकात दिसली असती. भाच्याच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच हा आकडा फसवा ठरतो. चूक दाखवायला बोट ठेवावं अशी जागाच सापडत नाही.

अडचण चार वर्षांनी येते. मुदत संपते तेव्हा कंपनी परत करते दर्शनी किंमत : एका बाँडमागे १,००० रुपये. तुम्ही १,१३० दिले होते की १,०५०, याच्याशी तिला देणंघेणं नाही. ८८४ बाँडचे ८,८४,००० रुपये परत येतील. बाईंनी घातले होते ९,९८,९२०. मुद्दलात १,१४,९२० रुपयांचा खड्डा. छपराचा कंत्राटदार समोर उभा असेल तेव्हा हा खड्डा दिसेल, आणि तोवर चार वर्षं ‘जवळजवळ आठ टक्के मिळतात’ या समाधानात गेलेली असतील.

मी बाईंना साधी बेरीज करायला सांगितली. शिक्षिकाच त्या, कागद पुढे ओढून त्यांनी चटकन मांडली. चार वर्षांचं व्याज ३,१८,२४०. शेवटी परत ८,८४,०००. एकूण १२,०२,२४०. त्यातून घातलेले ९,९८,९२० वजा केले की निव्वळ कमाई २,०३,३२०. चाराने भागलं तर वर्षाला ५०,८३०.

“म्हणजे ऐंशी हजार येताना दिसतात, पण कमाई पन्नासच?” बाईंनी विचारलं.

हो, तसंच.

तिसरा आकडा : ५.३१

मग बाकीचे कुठून येतात? ते बाईंचेच पैसे आहेत. १,१३० पैकी १३० रुपये त्यांनी जास्त दिले. ते जास्तीचे पैसे चार वर्षांत व्याजाच्या नावाखाली थोडे थोडे परत येतात.

मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा, म्हणजे यील्ड टू मॅच्युरिटी किंवा बाजारात सगळे म्हणतात तो वायटीएम, ही वाटणी उघडी करतो. व्याख्या अशी : बाँडमधून पुढे येणारी प्रत्येक रक्कम ज्या एका दराने आजच्या किमतीला आणली की सगळ्यांची बेरीज आजच्या भावाइतकी होते, तो दर. ऐकायला हे जड वाटतं. पण उलट्या बाजूने बघितलं की सोपं होतं. समजा बाईंनी १,१३० रुपये एका खात्यात ५.३१ टक्क्यांनी ठेवले आणि दर वर्षअखेर त्यातून ९० रुपये काढले. चौथं वर्ष संपताना खात्यात किती उरतील?

| वर्ष | सुरुवातीची रक्कम | ५.३१ टक्क्यांनी कमाई | हाती आलेले | त्यात आपलेच परत | उरलेली रक्कम |
|---|---|---|---|---|---|
| १ | १,१३० | ६० | ९० | ३० | १,१०० |
| २ | १,१०० | ५८ | ९० | ३२ | १,०६८ |
| ३ | १,०६८ | ५७ | ९० | ३३ | १,०३५ |
| ४ | १,०३५ | ५५ | ९० | ३५ | १,००० |

रुपये पूर्णांकात घेतले आहेत. शेवटी बरोबर १,००० उरतात, तेच कंपनी परत करते. म्हणून दर ५.३१. पहिल्या वर्षाच्या ९० रुपयांत कमाई फक्त ६० आहे आणि ३० रुपये म्हणजे बाईंनी स्वतःच दिलेल्या जादा पैशाचा हप्ता.

हा तक्ता बघून बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “मी चवथीला खर्च केले असते ते छपराचेच पैसे.” एवढ्या नेमक्या शब्दांत मलाही सांगता आलं नसतं. करंट यील्ड हाती येणारी रोकड मोजतो, पण ती रोकड कमाईची की मुद्दलाची, हे तो विचारत नाही. वायटीएम विचारतो.

हिशेब स्वतः करून बघायचा असेल तर संगणकावरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये एक ओळ पुरते :

```
=RATE(4, 90, -1130, 1000)
```

चार वर्षं, दर वर्षी ९०, आज दिलेले १,१३० (खिशातून जातात म्हणून वजा), शेवटी १,०००. खाली ५.३१ टक्के दिसेल. नुसतं 5% दिसलं तर दशांश वाढवून घ्या.

कागद-पेन्सिलीने अंदाज काढायचा असेल तर जुनी युक्ती अजून चालते. जादा दिलेले १३० चार वर्षांत वाटले तर वर्षाला ३२.५० चं नुकसान. ९० मधून ते वजा करा, उरतात ५७.५०. त्याला १,१३० आणि १,००० यांच्या सरासरीने, म्हणजे १,०६५ ने भागा. येतात ५.४० टक्के. खऱ्या आकड्यापेक्षा किंचित जास्त आहेत, पण ७.९६ चा मोह घालवायला पुरेसे आहेत.

‘भाव पडलाय, आत्ताच घे’

भाच्याकडे आणखी एक मुद्दा होता. काही आठवड्यांपूर्वी याच बाँडचा भाव मोबाइलवर १,२१६ दिसत होता आणि त्याने तो स्क्रीनशॉट जपून ठेवला होता. आता भाव १,१३०. त्याचं म्हणणं, शहाऐंशी रुपयांनी स्वस्त झालाय, अशी संधी परत येणार नाही.

स्वस्त काही झालं नव्हतं. शेअर बाजारात जिथे सामान्य गुंतवणूकदार असे बाँड घेतात, तिथला भाव साठलेल्या व्याजासकट असतो. वर्षभर रोज थोडं थोडं व्याज साठत जातं आणि भाव त्याने फुगत जातो. व्याज मिळण्याच्या दोनेक आठवडे आधी रेकॉर्ड डेट येते. त्या दिवशी ज्याच्या नावावर बाँड, त्यालाच व्याज. ती तारीख उलटली की नव्या घेणाऱ्याला ते व्याज मिळणार नसतं, म्हणून भाव तेवढ्याने खाली येतो. साडेअकरा महिन्यांचं साठलेलं व्याज होतं ८६ रुपये. १,२१६ मधून ८६ गेले, उरले १,१३०. बाँडचा मूळ भाव तसूभरही हलला नव्हता.

याचा तिन्ही दरांशी थेट संबंध आहे. त्या दिवशी भाच्याने ९० ला १,२१६ ने भागलं असतं तर करंट यील्ड ७.४० आला असता, आणि आज भागल्यावर ७.९६ येतो. बाँड तोच, बाजार तोच, तरी परतावा वाढल्यासारखा दिसतो. करंट यील्ड काढताना साठलेलं व्याज वजा करून राहिलेल्या भावाने भागायचं. वायटीएम काढताना उलट, प्रत्यक्ष मोजलेली पूर्ण रक्कम धरायची, पण पुढचं व्याज किती दिवसांनी येणार आहे तेही हिशेबात घ्यायचं. सरकारी रोख्यांच्या व्यवहारात ही भानगड कमी असते. तिथे भाव साठलेल्या व्याजाशिवाय सांगतात आणि व्याज वेगळ्या ओळीत जोडतात. सौद्याच्या कागदावर एकच रक्कम आहे की दोन, हे आधी बघावं.

दुसरा कागद

तुलनेला मी बाईंपुढे केंद्र सरकारचा एक रोखा ठेवला. कूपन ६ टक्के, व्याज सहामाही, यालाही चार वर्षं बाकी, आणि १०० च्या दर्शनी किमतीला भाव ९६.५६. कमी व्याजदराच्या दिवसांत निघालेला हा कागद. आता दर वर गेलेत, त्यामुळे तो दर्शनी किमतीच्या खाली विकला जातोय.

कूपन ६. करंट यील्ड म्हणजे ६ भागिले ९६.५६, ६.२१ टक्के. आणि शेवटी ९६.५६ चे १०० होणार, म्हणजे ३.४४ रुपये वरून मिळणार. ते धरून वायटीएम ७ टक्के. सहामाही व्याज असल्याने स्प्रेडशीटमध्ये आठ हप्ते, प्रत्येकी ३ रुपये, आणि उत्तर दुप्पट :

```
=RATE(8, 3, -96.56, 100)*2
```

काटेकोरपणे बघायचं तर सहामाही ३.५ टक्के म्हणजे वर्षाचे ७.१२, कारण पहिल्या सहामाहीचं व्याज पुढचे सहा महिने कामाला लागतं. आपल्याकडे सरकारी रोख्यांचा वायटीएम नुसता दुप्पट करून सांगायची पद्धत आहे. वर्षाला एकदाच व्याज देणाऱ्या कागदाशी तो ताडताना हा छोटा फरक लक्षात ठेवायचा.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. कूपन : ९ विरुद्ध ६. करंट यील्ड : ७.९६ विरुद्ध ६.२१. वायटीएम : ५.३१ विरुद्ध ७. पहिल्या दोन मापांनी करमुक्त बाँड सरळ पुढे आहे आणि तिसऱ्याने तो मागे पडतो. तिन्ही दर थोडेफार वेगळे असतात असं आपण सहज म्हणतो, पण इथे त्यांनी निकालच फिरवला.

यातून एक ताळा मिळतो. बाँड दर्शनी किमतीपेक्षा महाग असेल तर कूपन सगळ्यात मोठं, मग करंट यील्ड, मग वायटीएम. स्वस्त असेल तर क्रम बरोबर उलटा. दर्शनी किमतीलाच मिळत असेल तर तिन्ही एकच. कुणी महाग बाँडचा वायटीएम करंट यील्डपेक्षा जास्त सांगितला तर तिथे आकडा चुकलाय किंवा कुणीतरी काहीतरी लपवतंय, एवढं नक्की. आणि करंट यील्ड कायम मधोमध असल्यामुळे तो तडजोडीचा, समंजस आकडा वाटतो. तो तसा नाही. शेवटी होणारा नफा किंवा तोटा त्याने मोजलेलाच नसतो.

पण कर?

भाच्याचा खरा जोर होता ‘करमुक्त’ या शब्दावर. तो जोर पोकळ नाही, फक्त माणूस चुकीचा निवडला होता.

बाईंची पेन्शन वर्षाला साडेपाच लाखांच्या आसपास. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलत धरून कर शून्य होतो. म्हणजे सरकारी रोख्याचं व्याज करपात्र असलं तरी बाईंना त्यावर कर नाहीच. ज्याला कर लागत नाही त्याने करमुक्तीसाठी जादा भाव का मोजायचा? बाँडच्या १,१३० मध्ये करमुक्तीची किंमतही मिसळलेली आहे, कारण तो भाव ज्यांना तीस टक्के कर भरावा लागतो त्यांनी चढवलेला असतो.

तेच कागद मडगावात दवाखाना चालवणाऱ्या, तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या डॉक्टरपुढे ठेवा. सरकारी रोख्याच्या ६ रुपयांतून कर आणि उपकर मिळून ३१.२ टक्के गेले की उरतात ४.१३. शेवटच्या नफ्यावरचा कर धरला तर करोत्तर वायटीएम पाचाच्या आसपास येतो. करमुक्त बाँडचे ५.३१ तसेच राहतात. त्या डॉक्टरने भाच्याचं ऐकलं तर ते शहाणपणाचं ठरेल. फरक मोठा नाही, पण आहे. मात्र त्यानेही मनात आकडा ५.३१ ठेवावा, ९ नाही.

करमुक्त या शब्दाची एक मर्यादा आणखी सांगायला हवी. करमुक्त असतं ते व्याज. मुद्दलातले १३० रुपये बुडतात तो भांडवली तोटा, आणि दीर्घ मुदतीचा असल्यामुळे तो दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातूनच वजा होतो. शेअर किंवा जमीन विकून नफा झालेल्या माणसाला त्याचा उपयोग आहे. पेन्शनवर राहणाऱ्या बाईंना नाही. त्यांच्या हिशेबात तो तोटा नुसता तोटाच.

सरकारी रोख्यातही बाईंना कर पूर्ण चुकत नाही. शेवटी वाढलेले पैसे हा भांडवली नफा, आणि बारा लाखांची ती सवलत अशा नफ्याला लागू होत नाही. साडेबारा टक्के आणि उपकर धरून साधारण ४,६०० रुपये जातील. ते आधीच सांगून टाकलेले बरे.

रुपयांत

रोखा दहा हजारांच्या पटीत मिळतो. बाईंच्या पैशात १०,३०,००० दर्शनी किमतीचे रोखे ९,९४,५६८ रुपयांना येत होते. दर सहामाहीला ३०,९००, वर्षाला ६१,८००. चार वर्षांचं व्याज २,४७,२०० आणि शेवटची वाढ ३५,४३२, मिळून २,८२,६३२. कर वजा जाता २,७८,००० च्या आसपास. करमुक्त बाँडमधून २,०३,३२०. फरक पाऊण लाखाचा.

इथे बाईंनी योग्य शंका काढली. “पण वर्षाला हाती तर कमीच येतात ना? ऐंशी हजारांच्या जागी बासष्ट.” खरं आहे, दर वर्षी १७,७६० रुपये कमी. ज्याचं घर व्याजावर चालतं त्याला ही गोष्ट टोचते, आणि करंट यील्ड बघण्याचं खरं कारणही तेच. रोख किती येईल हा प्रश्न असेल तर उत्तर तोच आकडा देतो. पण तेवढी रोकड हवीच असेल तर बाईंनी बचत खात्यातून दर वर्षी १७,७६० काढावेत. चार वर्षांत ७१,०४० होतात. शेवटी हातात येणाऱ्या १०,३०,००० मधून ते परत भरले आणि कर दिला तरी साडेनऊ लाखांच्या वर उरतात. करमुक्त बाँड देतो ८,८४,०००. खर्च दोन्हीकडे तेवढाच झालेला असतो.

७ टक्के कधी मिळत नाहीत

वायटीएम हाही अटींवर बोलणारा आकडा आहे आणि त्या अटी मी बाईंना घेण्याआधीच सांगितल्या.

पहिली अट मुदतीपर्यंत थांबण्याची. दोन वर्षांनी कुणाच्या आजारपणात रोखा विकावा लागला आणि तोवर बाजारातला दर ७ वरून ८ वर गेला असेल, तर भाव होईल ९६.३७. घेतला होता ९६.५६ ला. दोन वर्षांत तो १०० कडे सरकायला हवा होता, दर ७ वरच राहिले असते तर ९८.१६ झाला असता, पण वाढलेल्या दराने ती सगळी वाढ खाल्ली. बाईंना मग मिळतील कूपनचेच पैसे, म्हणजे जेमतेम ६.१ टक्के. मुदतीपर्यंत थांबणाऱ्याला मधल्या भावाशी कर्तव्य नाही. बाईंची गरज नेमकी चार वर्षांनी होती, म्हणूनच मी चार वर्षं बाकी असलेला कागद शोधला. दहा वर्षांचा कागद ७.२ देत असता तरी तो त्यांच्यासाठी नव्हता.

दुसरी अट जरा नाजूक आहे. पुस्तकं सांगतात की मधलं प्रत्येक व्याज वायटीएमच्याच दराने पुन्हा गुंतवलं पाहिजे, नाहीतर ७ टक्के मिळणार नाहीत. शेवटी जमणारी एकूण रक्कम मोजायची असेल तर हे खरं आहे. पण बाई व्याज खर्च करणार होत्या. खर्च केलेल्या व्याजाने त्यांचा दर घसरत नाही. रोख्यात जितका पैसा जितका काळ अडकला, त्यावर त्यांनी ७ टक्केच कमावले. फक्त ‘सात टक्क्यांनी चार वर्षांत दहा लाखांचे तेरा लाख होतील’ असा हिशेब त्यांनी करू नये. तो हिशेब व्याजाला हात न लावणाऱ्याचा आहे.

तिसरी अट, कर्ज घेणारा फेडेल ही. केंद्र सरकारच्या रोख्यात याचा विचार जवळजवळ करावा लागत नाही. गोवा सरकारही रिझर्व्ह बँकेच्या लिलावातून कर्जरोखे काढतं आणि त्यांचा परतावा केंद्राच्या रोख्यापेक्षा सहसा थोडा वर असतो. बाईंना ‘आपल्या सरकारचा’ कागद आवडला असता, पण राज्याच्या रोख्यांची खरेदी-विक्री फार पातळ असते. मध्येच विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक शोधत बसावं लागतं. खाजगी कंपनीच्या बाँडचा वायटीएम ११-१२ दिसतो तेव्हा मात्र ही तिसरी अट सगळ्यात आधी वाचायची. तिथे वरचे चार-पाच टक्के पैसे बुडण्याच्या भीतीचे असतात.

बाईंनी रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्टवर खातं उघडलं. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेली ही सोय आहे, खात्याला पैसे पडत नाहीत आणि दहा हजारांपासून रोखा घेता येतो. भाच्यानेच बसून अर्ज भरून दिला. बाहेर पडताना त्याने मला विचारलं की त्याच्या मडगावच्या एका गिऱ्हाइकाला, वर्षाला चाळीस लाख कमावणाऱ्याला, तोच करमुक्त बाँड सुचवला तर चालेल का. चालेल म्हटलं, फक्त कागदावर तिन्ही आकडे लिहून दे आणि ५.३१ सगळ्यात वर लिही.